तीन, तीन, तीन, आणि मग नऊ

चर्चची घंटा कशासाठी वाजते आहे, हे दूरवरूनही कळू शकते. त्यासाठी टोले मोजावे लागतात. मिस्साची वेळ झाली की घंटा सलग वाजत राहते. गावात कुणी गेले असेल तर एकेक टोला लांब अंतराने पडतो, आणि ऐकणारा हातातले काम ठेवून कोण गेले म्हणून शेजाऱ्याकडे बघतो. तिसरा प्रकार रोजचा आहे. तीन टोले आणि थांबा, पुन्हा तीन आणि थांबा, आणखी तीन आणि थांबा, शेवटी एकापाठोपाठ एक नऊ. एकूण अठरा. हे ऐकू आले म्हणजे ‘आंजेलुस’ची वेळ झाली. दुपारी बाराला आणि संध्याकाळी दिवेलागणीला ही घंटा वाजते. पहाटेचीही एक असते, पण बऱ्याच गावांत लोकांच्या ध्यानात राहतात त्या दुपारची आणि संध्याकाळची अशा दोनच.

जोयडा तालुका तसा चर्चसाठी कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. काळी नदीचे खोरे, सुप्याचे धरण, वाघांचे अभयारण्य, कुणब्यांचे वाडे आणि गोव्याकडे उतरणारा अनमोडचा घाट ही त्याची ओळख. तालुक्याचे जुने ठाणे सुपा धरणाच्या पाण्याखाली गेले, कचेऱ्या जोयड्याला आल्या आणि उठलेली पुष्कळशी वस्ती रामनगरला जाऊन बसली. एका बाजूला गोवा आणि दुसऱ्या बाजूला हल्याळ असल्यामुळे इथे कोकणी, मराठी आणि कन्नड तिन्ही भाषा एकाच बाजारात चालतात. त्यातच गोव्याहून पिढ्यान्‌पिढ्या वर सरकत आलेली ख्रिस्ती कुटुंबे आहेत, आणि हल्याळ-यल्लापूरच्या रानात कोकणी बोलणारे कॅथलिक सिद्दीही आहेत. कारवारचा धर्मप्रांत १९७६ साली वेगळा झाला. घंटेची रीत मात्र त्याच्या पुष्कळ आधीची, आणि या मुलखात ती गोव्याकडूनच आली.

एका लहान चर्चमध्ये घंटेची दोरी ओढणाऱ्या काकांना मी विचारले, तीन टोल्यांनंतर किती वेळ थांबायचे हे कसे ठरवता? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. “वेळ कशाला बघायचा? तोंडातली ‘नमान मारिये’ संपली की पुढचे तीन मारायचे.” घंटेचा सगळा हिशोब या उत्तरात आहे. टोल्यांमधली शांतता मोकळी नसते, तेवढ्यात प्रार्थना म्हणायची असते. एक ओळ पुढाऱ्याने म्हणायची, तिचे उत्तर बाकीच्यांनी द्यायचे आणि मग सगळ्यांनी मिळून एक ‘नमो मारिया’ म्हणायची. सावकाश म्हटले तर याला वीस-पंचवीस सेकंद लागतात. असे तीन वेळा झाले की नऊ टोल्यांच्या आवाजात शेवटची विनंती म्हणायची. सगळे मिळून दीड-दोन मिनिटांचे काम. घंटा ओढणारा घाईत असला तर ते लगेच कळते, कारण लोक अजून पहिल्या ‘नमो मारिया’च्या मध्यावर असतात आणि दुसरे तीन टोले त्यांच्या डोक्यावर पडतात. विजेवर चालणाऱ्या घंटेत थांब्याचे सेकंद आधीच बसवलेले असतात. ज्याने ते बसवले त्याने कधी प्रार्थना मोठ्याने म्हणून पाहिली होती की नाही, हे पहिल्याच दिवशी समजते.

तीन ओळी आणि तीन उत्तरे एवढाच या प्रार्थनेचा गाभा. पण त्या तीन ओळी एकाच माणसाच्या तोंडच्या नाहीत, आणि माझ्या मते तिची खरी करामत इथेच आहे. पहिली ओळ निवेदकाची आहे: देवदूताने मारियेला निरोप दिला. तिचे उत्तर सांगते की पवित्र आत्म्याच्या योगे तिला गर्भ राहिला. हे वाक्य बायबलात जसेच्या तसे कुठेच सापडत नाही. लूकच्या पहिल्या अध्यायातली गब्रिएलची आख्खी हकिकत, आणि मत्तयच्या पहिल्या अध्यायाचाही थोडा आधार घेऊन, दोन तुकड्यांत आवळून बसवली आहे. दुसरी ओळ मात्र लूकमधून थेट उचललेली आहे, पहिल्या अध्यायाचे अडतिसावे वचन. इथे मारिया स्वतः बोलते. आपण प्रभूची दासी आहोत असे ती सांगते आणि तुझ्या शब्दाप्रमाणे माझे होवो अशी संमती देते. आता विभागणी बघा. ‘दासी आहे’ हे पुढारी म्हणतो, आणि ‘माझे होवो’ हे उत्तर देणाऱ्यांच्या वाट्याला येते. म्हणजे पहिल्या ओळीला जे लोक गोष्ट ऐकत होते, तेच दुसऱ्या ओळीला मारियेच्या जागी उभे राहून होकार देतात. शेतातला माणूस, चुलीपुढची बाई, शाळेतून आलेले पोर, ज्याच्या तोंडी ते उत्तर येईल त्याचाच तो होकार होतो.

तिसरी ओळ योहानच्या शुभवर्तमानातली, पहिल्या अध्यायाचे चौदावे वचन. इथे ना देवदूत आहे, ना मारिया. शब्द देह झाला आणि त्याने आमच्यात वस्ती केली, एवढेच. होकार दिल्यानंतर काय घडले ते या ओळीत येते. ही ओळ म्हणताना गुडघा टेकायची किंवा मान लववायची रीत आहे. निरोप, होकार आणि परिणाम हा क्रम ठेवला म्हणूनच प्रत्येक ओळीनंतर तीच ‘नमो मारिया’ पुन्हा आली तरी ती निव्वळ पुनरुक्ती वाटत नाही. पहिल्यांदा ती देवदूताच्या निरोपामागून येते, दुसऱ्यांदा होकारामागून, तिसऱ्यांदा देहधारणेमागून.

यानंतर आणखी एक लहान जोडी येते, देवाच्या मातेने आमच्यासाठी विनंती करावी आणि आम्ही ख्रिस्ताच्या वचनांना पात्र व्हावे अशा अर्थाची. मग एक लांब वाक्याची विनंती. देवदूताच्या निरोपाने आम्हाला ख्रिस्ताच्या देहधारणेची ओळख झाली, आता त्याच्या दुःखभोगाच्या आणि क्रुसाच्या वाटेने आम्हाला पुनरुत्थानाच्या वैभवाला पोचव, असा तिचा आशय. ती आंजेलुससाठी म्हणून रचलेली नाही. रोमन मिस्साच्या ग्रंथात ती आधीपासून होती, आणि आजही नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी तीच म्हटली जाते. एका वाक्यात नाझरेथपासून कालवारीपर्यंत आणि तिथून रिकाम्या थडग्यापर्यंत जाणारी दुसरी इतकी आटोपशीर विनंती मला तरी ठाऊक नाही.

ही घडण पाहून असे वाटते की कुण्या जाणत्या धर्मपंडिताने बसून आधी शब्द लिहिले असतील आणि मग त्यांच्या मापाने टोले ठरवले असतील. इतिहास उलटा आहे. आधी घंटा होती, शब्द तिच्यामागून आले, आणि तेही तुकड्यातुकड्याने. तिन्ही वेळांच्या घंटा तीन वेगळ्या कारणांनी जन्माला आल्या.

सर्वांत जुनी संध्याकाळची. मध्ययुगीन युरोपात रात्र पडताना गावची घंटा वाजायची ती चुली झाकण्यासाठी. घरे लाकडाची आणि छपरे गवताची. एका घरातली ठिणगी आख्खे गाव जाळू शकत होती, म्हणून घंटा झाली की निखाऱ्यांवर राख ओढायची आणि घरात राहायचे. त्याच सुमारास मठांतली रात्रीची प्रार्थनाही होत असे. फ्रान्सिसकन साधूंनी लोकांना सांगायला सुरुवात केली की ही घंटा ऐकली की मारियेला वंदन करा, कारण गब्रिएल तिच्याकडे संध्याकाळीच आला असावा. बोनाव्हेंतुर हे पंथाचे प्रमुख असताना असिसीच्या १२६९ सालच्या सभेत ही शिकवण दिली गेली असे परंपरा सांगते. पोप योहान बाविसावे यांनी १३१८ मध्ये फ्रान्समधल्या सेंत गावच्या अशाच चालीला मान्यता दिली, आणि १३२७ मध्ये रोममध्येही संध्याकाळच्या घंटेला तीन ‘नमो मारिया’ म्हणायला सांगितले. अर्थात तेव्हाची ‘नमो मारिया’ आजच्या निम्मी होती. देवदूताचे अभिवादन आणि एलिझाबेथचा आशीर्वाद, म्हणजे लूकमधला भाग, एवढीच. पापी लोकांसाठी आता आणि मरणाच्या वेळी विनंती कर, हा उत्तरार्ध लोकांच्या तोंडी हळूहळू आला आणि १५६८ साली पोप पायस पाचवे यांच्या प्रार्थनाग्रंथात तो पक्का झाला.

पहाटेच्या घंटेचे मूळ निराळे. इटलीतल्या पार्मा शहराच्या १३१८ च्या नोंदीत शांततेसाठी म्हणून पहाटे वाजणारी घंटा सापडते. शहराशहरांत भाऊबंदकीच्या लढाया चालू होत्या, म्हणून दिवस उजाडताच शांतता मागायची. यापेक्षा जास्त तिच्याबद्दल इथे सांगण्यासारखे नाही.

दुपारची घंटा सर्वांत उशिराची, आणि तिच्याच भोवती दंतकथाही सर्वांत जास्त. सुरुवातीला ती रोज नव्हती, फक्त शुक्रवारी वाजायची, ख्रिस्ताच्या दुःखभोगाची आठवण म्हणून. प्रागमध्ये १३८६ ला आणि माइन्झमध्ये १४२३ ला तशा नोंदी आहेत. रोजची होण्यामागे युद्ध होते. तुर्कांनी १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल घेतले आणि तीन वर्षांनी त्यांच्या फौजा बेलग्रेडला भिडल्या. पोप कॅलिक्स्टस तिसरे यांनी १४५६ च्या २९ जूनला हुकूम काढला की रोज दुपारनंतर सगळीकडे घंटा वाजवावी आणि लोकांनी लढणाऱ्यांसाठी प्रार्थना करावी. बेलग्रेडचा वेढा उठला २२ जुलैला. आता पुष्कळ ठिकाणी अभिमानाने सांगतात की दुपारची घंटा म्हणजे बेलग्रेडच्या विजयाची घंटा. तारखा शेजारी ठेवल्या की ते टिकत नाही, हुकूम विजयाच्या आधीचा आहे. पण त्या काळी रोमचा कागद लांबच्या गावी पोचायला जो वेळ लागायचा त्यात विजयाची बातमी आधी पोचली असेल, आणि भाकेची घंटा लोकांनी नवसफेडीची म्हणून ऐकली असेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. पुढे १४७२ साली फ्रान्सचा राजा अकरावा लुई याने दुपारी बारालाच, आणि शांततेसाठी, ही प्रार्थना म्हणायला सांगितली. युद्धासाठी सुरू झालेली घंटा सोळा वर्षांत शांततेची झाली.

मराठी वाचकाला इथे वसई आठवावी. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा लुटीत आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरची घंटा १७०७ सालची आहे आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया कोरलेली आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ ची, भीमाशंकरची १७२९ ची. या घंटा वसईत टांगलेल्या होत्या तेव्हा रोज तीन वेळा तीन-तीन-तीन-नऊ याच हिशोबाने त्यांच्यावर लोलक आपटत असणार, कारण पोर्तुगीज चर्चमध्ये तोवर ती चाल रुळलेली होती. मेणवलीला गेलेला माणूस एक टोला देतो, नमस्कार करतो आणि पुढे जातो. धातू तोच आहे, मोजणी बदलली.

गोव्यात राहिलेल्या घंटांचीही वाटचाल सरळ नाही. जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाचे चर्च १८३५ मध्ये ओस पडले. त्याची मोठी घंटा आधी आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चच्या मनोऱ्यात आली. त्यासाठी मनोऱ्याचा माथा नव्याने बांधावा लागला. म्हणजे काही दशके ती जहाजांना वाट दाखवायच्या कामावर होती, आणि मग पुन्हा प्रार्थनेच्या.

आता शब्दांकडे. तिन्ही वेळा एकत्र आल्या आणि तीन ओळी-तीन उत्तरे त्यांना चिकटली ती सोळाव्या शतकात. व्हेनिसमध्ये १५६० साली छापलेल्या एका धर्मशिक्षणाच्या पुस्तकात आजचे रूप दिसते. पोप पायस पाचवे यांच्या काळात छापलेल्या मारियेच्या लहान प्रार्थनाग्रंथाने ते पसरले. ही तारीख गोव्याच्या दृष्टीने बघण्यासारखी आहे. झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला तेव्हा हातात घंटी घेऊन रस्त्यारस्त्याने फिरत पोरांना धर्मशिक्षणाला बोलवायचा. त्या वेळी आजच्या आंजेलुसचे शब्द अजून ठरायचे होते. ते ठरले, छापले गेले आणि जहाजातून इकडे आले ते पुढच्या दोन पिढ्यांत. थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये आला. त्याने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ ला राशोलला छापले गेले, आणि गब्रिएल मारियेकडे येतो तो प्रसंग त्यात मराठीत आला. १६२२ साली त्याची कोकणीतली धर्मशिक्षणाची पोथी निघाली. तेव्हा बारदेश-साष्टीतल्या माणसाला घंटेचा अर्थ आपल्याच भाषेत कळण्याची सोय होती. लॅटिन पाद्रीच्या तोंडी, कोकणी घरच्यांच्या तोंडी, असे दुहेरी चालत राहिले.

जोयड्याच्या घरांत संध्याकाळची घंटा अजून घरची वेळ ठरवते. घंटेच्या आत पोरांनी उंबऱ्यात यायचे हा नियम गोव्यातून आलेला. घंटेला सगळे जिथे असतील तिथे उभे राहतात, प्रार्थना म्हणतात, नंतर तेर्स, म्हणजे जपमाळ, होते. ती झाली की लहानांनी मोठ्यांसमोर हात जोडून ‘बेसांव’ म्हणजे आशीर्वाद मागायचा, आधी आजीचा, मग आजोबांचा, मग आईवडिलांचा. एका आजींनी मला सांगितले, “आमच्या वेळी भांडण कितीही झालं असू दे, बेसांव मागितल्याशिवाय जेवण नाही. भावाशी बोलायचं नसेल तरी त्याच्याकडे जावं लागे.” बाहेरच्या माणसाला ही कौटुंबिक शिस्त वाटेल. ती आंजेलुसच्या शेपटीला लागून आलेली आहे, आणि जिथे घंटा बंद पडते तिथे ती घड्याळावर फार दिवस तग धरत नाही.

दुपारच्या घंटेची मात्र इथे एक गंमत आहे. जोयडा साधारण साडेचौऱ्याहत्तर रेखांशावर येतो, आणि आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे. फरक आठ अंशांचा, म्हणजे बत्तीस मिनिटांचा. घंटा बाराला वाजते तेव्हा सूर्य माथ्यावर यायला सरासरी अर्धा तास बाकी असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला खरा मध्यान्ह सव्वाबाराच्या सुमारास होतो, फेब्रुवारीत पाऊणच्या आसपास. संध्याकाळी उलटी अडचण. नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जुलैत सातच्या पुढे. घंटा सूर्यावर ठेवायची की घड्याळावर, हा प्रश्न दर चर्च आपापल्या परीने सोडवते. जुने लोक दिवेलागण म्हणतात, नवीन फलकावर सातचा आकडा असतो.

वर्षातून काही दिवस तर घंटेवर विसंबताच येत नाही. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारच्या मिस्सात ‘ग्लोरिया’ झाला की घंटा मुकी होते, ती शनिवारच्या रात्रीच्या ‘ग्लोरिया’पर्यंत. मध्ये लाकडी मात्राक खडखडवून लोकांना बोलवतात. त्यानंतर पुढचे पन्नास दिवस, म्हणजे इस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंत, घंटा तीच पण शब्द बदलतात. आंजेलुसच्या जागी स्वर्गाच्या राणीला आनंद कर असे सांगणारी ‘रेजीना चेली’ येते. ती गुडघ्यांवर नाही, उभ्याने म्हणायची. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४२ मध्ये हे ठरवले. म्हणून मे महिन्यात पाहुणा म्हणून आलेला माणूस सवयीने ‘देवदूताने…’ सुरू करतो आणि बाकीचे भलतेच म्हणत असतात. माझ्यासमोर एकदा असे झाले, आणि बाजूच्या मुलीने त्याला कोपराने ढोसून थांबवले.

घंटा ऐकूच येत नसेल तर काय, हा जोयड्यात हवेतला प्रश्न नाही. वस्त्या विखुरलेल्या, मध्ये रान, आणि पावसाळ्यात पत्र्यावरच्या सरींपुढे हाकेच्या अंतरावरचीही घंटा ऐकू येत नाही. पोप बेनेडिक्ट तेरावे यांनी १७२४ मध्ये या प्रार्थनेला दंडमाफी जोडली तेव्हा अट अशी होती की घंटेच्या वेळी आणि गुडघे टेकून म्हणावी. चिखलात लावणी करणाऱ्याला किंवा घाटात गाडी हाकणाऱ्याला ती अट पाळणे अवघडच. १८८४ साली पोप लिओ तेरावे यांनी ती सैल केली. घंटा ऐकू आली नाही तरी चालेल, वाजवी कारण असेल तर गुडघे टेकले नाहीत तरी चालेल, वेळ साधारण पहाटेची, दुपारची आणि संध्याकाळची असली म्हणजे पुरे. आणि ज्यांना तीन ओळी पाठ नाहीत किंवा वाचता येत नाहीत, त्यांनी त्याऐवजी पाच ‘नमो मारिया’ म्हणाव्यात. त्या हिशोबाने दूरच्या वाड्यावर ऊन माथ्यावर आलेले बघून साडेबाराला हात जोडणारी बाईही वेळेवरच असते.